बाटलीवरचे १८५३ आणि वहीतले १८५३

प्रश्न: आमच्या साप्ताहिकाच्या दिवाळी अंकासाठी मालवणातल्या जुन्या व्यापारी घरांवर लिहितोय. कोकम सरबत आणि आगळ बनवणाऱ्या एका कंपनीच्या बाटलीवर ‘स्थापना १८५३, कोकणातील सर्वात जुने व सर्वात मोठे कोकम उत्पादक’ असे छापलेले आहे. मालकांनी पुरावा म्हणून मोडीतल्या एका वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आणि १९५० च्या सुमाराचे म्हणून एक लेटरहेड दिले. सरकारी संकेतस्थळावर मात्र कंपनी १९९४ ची दिसते. दोन्ही फोटो जोडले आहेत. यातले खरे काय मानायचे आणि छापायचे काय?

उत्तर:

तुम्ही पाठवलेला वहीचा फोटो मी मोठा करून दोनतीनदा वाचला. सुरुवात त्याच्यापासूनच करतो, कारण तुमच्या प्रश्नातली मोठी गाठ त्या एका पानावर सुटते.

पानावर ‘१८५३’ स्पष्ट आहे. मोडीतले आकडे देवनागरीच्या इतके जवळचे असतात की मोडी न येणाऱ्यालाही ते वाचता येतात. अक्षरे मात्र वाचता येत नाहीत, आणि इथेच घोळ झाला आहे. आकड्याच्या आधी जो शब्द आहे तो ‘शके’ आहे. आकड्यानंतर ‘प्रजापती नाम संवत्सरे’ आणि पुढे ‘कार्तिक शुद्ध १’ असे आहे. म्हणजे ही वही दिवाळीच्या पाडव्याला घातलेली आहे आणि साल शालिवाहन शकाचे आहे. शकाचे इसवी साल काढताना गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीत ७९. कार्तिक शुद्ध प्रतिपदा, शके १८५३ म्हणजे नोव्हेंबर १९३१. खरोखरच इसवी १८५३ च्या दिवाळीत घातलेली वही असती, तर तिच्यावर शके १७७५ असते. गुजराती व्यापाऱ्याची असती तर कदाचित संवत १९१० असते.

एका शब्दाच्या वाचनावर एवढा मोठा निष्कर्ष काढू नये, हे मला मान्य आहे. फोटो तिरका आहे, कागद डागाळला आहे आणि मोडी वाचनात माझीही चूक होऊ शकते. म्हणून दुसरा साक्षीदार बघायचा, तो म्हणजे संवत्सराचे नाव. प्रभवपासून क्षयपर्यंतची साठ नावे ठरलेल्या क्रमाने फिरतात. शके १९०९, म्हणजे १९८७-८८, हे प्रभव होते. तिथून साठ मागे गेले की शके १८४९ प्रभव, मग विभव, शुक्ल, प्रमोद आणि पाचवे शके १८५३ हे प्रजापती. हीच गणती शके १७७५ पर्यंत नेली तर नाव येते प्रमादी. वहीवर प्रजापती आहे. हे दोन आकडे ७८ वर्षांनी दूर असल्यामुळे साठाच्या चक्रात त्यांची गफलत होऊच शकत नाही. आकडा पुसट असतो तेव्हा मी नेहमी आधी संवत्सराचे नाव शोधतो, कारण एखादा अंक डागाखाली गेला तरी अख्खे नाव सहसा जात नाही.

तिसरा साक्षीदार नोंदींमध्येच आहे. पानाच्या मध्यावर, तांदूळ आणि सुपारीच्या खाली ‘राकेल डबे २’ असे लिहिलेले दिसते. अमेरिकेत खनिज तेलाची पहिली व्यापारी विहीर १८५९ सालची. रॉकेलचे डबे कोकणातल्या बंदरांत उतरू लागले ते त्यानंतरच. १८५३ च्या दुकानात दिव्याला खोबरेल, करंजेल किंवा उंडेल लागेल, रॉकेल नाही. रुपये, आणे, पै यांवरून मात्र काही ठरत नाही, ते १८५३ लाही होते आणि १९३१ लाही. काळ ठरवताना अशीच वस्तू शोधायची जी एका काळात असू शकते आणि दुसऱ्यात असूच शकत नाही.

मालकांना हे सांगताना एक गोष्ट मनात ठेवा. त्यांनी खोटे केलेले नाही. घरात मोडी वाचणारे शेवटचे माणूस गेले, नंतर माळ्यावर वही सापडली, आकडा वाचता आला आणि तो बाटलीवर गेला. असे शकाचे साल इसवी समजून छापलेले मी याआधीही पाहिले आहे, आणि दर वेळी कुटुंबाला स्वतःच्या वाडवडिलांबद्दलचा अभिमान होता, फसवण्याचा हेतू नव्हता. १९३१ हे सालही छोटे नाही.

आता ही वही नेमके काय सिद्ध करते ते बघू. ती सांगते की नोव्हेंबर १९३१ मध्ये या घराचे दुकान चालू होते आणि त्या दिवशी नवी वही घातली. दुकान त्या दिवशी सुरू झाले असे ती सांगत नाही, दर दिवाळीला नवी वही घालतातच. म्हणून पहिल्या पानावर मागील बाकी ओढली आहे का ते बघा. ‘मागील वहीवरून’ अशा अर्थाची ओळ असेल तर दुकान १९३१ च्या आधीचे आहे आणि तुम्हाला आणखी जुनी वही शोधावी लागेल. तुमच्या फोटोत पानाची डावी कड कापली गेली आहे, आणि अशी ओळ असलीच तर ती तिथेच असण्याची शक्यता जास्त.

दुसरे म्हणजे ही वही कशाच्या धंद्याची आहे? पानावर तांदूळ, सुपारी, रॉकेल आणि खालच्या बाजूला ‘आमसुले’ आहेत. हे किराणा दुकान आहे, त्यात आमसुले घेतली-विकली जात होती. आमसूल विकणे म्हणजे कोकम उत्पादक असणे नव्हे. मालवणात तेव्हा आमसूल न विकणारे वाण्याचे दुकान शोधावे लागले असते. रातांबे म्हणजे कोकमाची फळे विकत घेऊन, साली वाळवून किंवा रस काढून स्वतःचा माल तयार करणे हा वेगळा धंदा आहे, आणि बाटलीत भरलेले सरबत ही तर त्यापुढची गोष्ट. बाटलीवर ‘उत्पादक’ लिहिलेले असल्यामुळे तुम्हाला उत्पादनाची पहिली नोंद शोधायची आहे, दुकानाची नव्हे. वहीत मे-जूनची पाने काढा. रातांब्यांची खरेदी, मिठाची मोठी खरेदी, साली वाळवायला लावलेल्या बायांची मजुरी असे काही त्या दोन महिन्यांत एकत्र दिसले, तर घरात आमसूल तयार होत होते असे म्हणता येईल. नुसती ‘आमसुले, मण इतकी, अमक्याकडून’ अशी खरेदी दिसली तर नाही.

लेटरहेडचे उत्तर त्याहून सोपे आहे. त्यावर पत्त्यात ‘जि. सिंधुदुर्ग’ आणि ४१६६०६ हा पिनकोड आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. म्हणजे हे लेटरहेड १९८१ नंतर छापलेले आहे, त्यावर ‘१९५०’ कुणीही आणि कितीही सांगितले तरी. खरे १९५० चे लेटरहेड असते तर ‘जि. रत्नागिरी’ असते, पिनकोड नसता, आणि लेखन जुन्या वळणाचे असते. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘आमचे येथें’ असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर छपाईतून हळूहळू गेले. ही अनुस्वारांची खूण एकाच बाजूने चालते, एवढे लक्षात असू द्या. नव्या वळणाचे लेखन १९५० च्या कागदावर दिसले तर शंका घ्यायची. जुने अनुस्वार दिसले म्हणून कागद जुना ठरत नाही, कारण कित्येक जुने छापखाने आणि जुने मालक पुढे वीस वर्षे तसेच लिहीत राहिले. लेटरहेडवर वजने मण-शेरात आहेत की किलोत, दर आण्यात आहेत की नव्या पैशात, हेही बघतात. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासूनची आहेत.

तर आता आपल्याकडे एका टोकाला १९३१ चे किराणा दुकान आहे आणि दुसऱ्या टोकाला १९९४ ची कंपनी. मधली त्रेसष्ट वर्षे जोडणारी साखळी आहे का, हा खरा प्रश्न. आडनाव तेच आणि जागा तीच एवढ्यावर साखळी होत नाही. कुटुंब, पेढी आणि धंदा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचे वय वेगळे निघू शकते.

कंपनीकडून मागे जाऊ. संकेतस्थळावर तुम्हाला जो कंपनी ओळख क्रमांक दिसला तो असा असणार:

```
U15XXXMH1994PTCXXXXXX
```

पहिले `U` म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी. पुढचे पाच अंक उद्योगाचे, `MH` राज्याचे, `1994` नोंदणीच्या वर्षाचे, `PTC` म्हणजे खासगी मर्यादित आणि शेवटचे सहा अंक नोंदणी क्रमांक. बरेच जण इथेच थांबतात आणि ‘कंपनी १९९४ ची, दावा खोटा’ असे लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. कायद्याने ही व्यक्ती १९९४ ला जन्मली, एवढेच तो क्रमांक सांगतो. त्याआधी तोच धंदा भागीदारीत किंवा एका माणसाच्या नावावर चालू असू शकतो. उलटही होते, आणि ते जास्त फसवे असते: कुणीतरी १९६० सालची बंद पडलेली, वेगळ्याच धंद्याची कंपनी विकत घेतो आणि तिचे नाव व उद्देश बदलतो. नाव बदलले तरी क्रमांकातले वर्ष १९६० च राहते. त्यामुळे क्रमांकातले जुने वर्षही धंद्याच्या वयाचा पुरावा नाही.

जोड कुठे आहे ते कंपनीच्या घटनापत्रात, म्हणजे मेमोरँडममध्ये, बघायचे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरले की एका कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे बघता येतात. १९९४ ची कागदपत्रे स्कॅन होऊन तिथे चढलेली असतीलच असे नाही. नसली तर मालकांकडे छापील पुस्तिका असते, ती मागा. त्यात मुख्य उद्देशांचे पहिले कलम वाचा. चालू धंद्याची कंपनी केली असेल तर बहुतेक वेळा तिथे लिहिलेले असते की ‘मेसर्स अमुक या नावाने चाललेला भागीदारीचा धंदा, त्याच्या मालमत्ता आणि देण्यांसह, ताब्यात घेणे’. हे वाक्य असेल तर कंपनीची साखळी त्या पेढीला जोडली गेली आणि आता पेढीचे वय शोधायचे. ते नसेल, आणि धंदा हस्तांतराचा करारही नसेल, तर कंपनी ही एकाच कुटुंबातल्या माणसांनी नव्याने सुरू केलेली संस्था आहे. मग जुन्या दुकानाचे वय तिला घेता येत नाही.

पेढीसाठी भागीदारी संस्था निबंधकांकडे जायचे. नोंदवहीच्या उताऱ्यात पेढीचे नाव, धंद्याची जागा, प्रत्येक भागीदार कोणत्या तारखेला आला ती तारीख आणि पुढचे बदल असतात. उतारा फी भरून कुणालाही मिळतो. इथे एक सीमा लक्षात ठेवा: भारतीय भागीदारी कायदा १ ऑक्टोबर १९३२ ला अमलात आला. ‘१९३१ ची नोंदणीकृत भागीदारी’ असा दावा कुणी केला तर तो शब्दशः अशक्य आहे. शिवाय नोंदणी सक्तीची नव्हती आणि आजही नाही, त्यामुळे पेढी १९३५ ची आणि नोंदणी १९५८ ची असे सर्रास सापडते. नोंदणीच्या अर्जात प्रत्येक भागीदार केव्हापासून पेढीत आहे हे भागीदारांनी स्वतः सह्या करून लिहिलेले असते. मला तो अर्ज नंतरच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो लिहिताना जुनेपणाचा भाव खायचे कारण नव्हते.

पेढीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न येतो. भागीदारीपत्रात वेगळे ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. आजोबा वारल्यावर मुलांनी नवे पत्र केले असेल तर कायद्याने ती नवी पेढी आहे. तुमच्या लेखासाठी मी एवढे ताणणार नाही. तेच नाव, तीच जागा, तोच माल आणि जुनी येणी-देणी पुढे ओढलेली असतील, तर धंदा अखंड चालला असे मी मानतो. पण वाटण्या झाल्या असतील तर थांबा. कोकणात हे फार होते: दोन भाऊ वेगळे होतात, एकाकडे दुकान जाते, दुसऱ्याकडे कोकमाचा धंदा, आणि पुढच्या पिढीत दोघांच्याही पाट्यांवर आजोबांचे साल येते. चुलत घराण्याची पाटी बघून या आणि त्यांच्याकडे कोणते कागद आहेत तेही विचारा.

बाटलीबंद सरबताचे वय शोधायला दोन नोंदी फार उपयोगी पडतात. पहिली, फळ उत्पादन आदेश, १९५५. फळांचे रस, सरबते, लोणची, मुरंबे विकण्यासाठी बनवणाऱ्याला या आदेशाखाली परवाना लागत असे आणि लेबलवर एफपीओ चिन्हासह त्याचा क्रमांक छापावा लागे. जुन्या लेबलांचा गठ्ठा, छापखान्याची बिले किंवा परवान्याच्या नूतनीकरणाच्या पावत्या घरात असतील तर सर्वात जुनी तारीख तिथून मिळेल. आजच्या बाटलीवरचा एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक या कामाला येत नाही. त्यातले चौथे-पाचवे अंक वर्षाचे असतात खरे, पण ते त्या परवान्याचे वर्ष असते, आणि ती पद्धतच २०११ पासूनची आहे. तसेच जीएसटी नोंदणीची ‘१ जुलै २०१७’ ही तारीख दिसली तर तिचाही वयाशी संबंध नाही. त्या दिवशी देशभरचे जुने करदाते नव्या पद्धतीत आले.

दुसरी नोंद व्यापारचिन्हाची. व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर ब्रँडचे नाव टाकून शोधा. अर्जात ‘हे चिन्ह केव्हापासून वापरात आहे’ असा रकाना असतो. तो अर्जदारानेच भरलेला असतो, म्हणून तो स्वतंत्र पुरावा नव्हे. पण तो मालकांच्या स्वतःच्या बाटलीशी ताडून बघता येतो. पाटीवर शंभर वर्षे आणि अर्जात ‘वापर अद्याप सुरू व्हायचा आहे’, अशी विसंगती मला एकाहून अधिक वेळा मिळाली आहे. ब्रँड नवा आणि धंदा जुना असे असू शकते, म्हणून विसंगती दिसली की लगेच निकाल देऊ नका, मालकांना विचारा. अर्जात १९७८ असेल आणि एफपीओच्या पावत्याही त्याच सुमाराच्या असतील, तर दोन स्वतंत्र कागद एकाच काळाकडे बोट दाखवतात, आणि मी तेच उत्पादनाचे साल धरीन.

लघुउद्योगांना मिळणारे उद्यम प्रमाणपत्र दाखवले तर त्यावरच्या स्थापना दिनांकाला फारसे वजन देऊ नका. ती तारीख अर्जदार स्वतः घोषित करतो. ‘सरकारी प्रमाणपत्रावर १८५३ आहे’ असे सांगितले गेले तरी ते साल सरकारने तपासलेले नसते.

आता ‘सर्वात जुने’. वर सांगितलेले सगळे जमले तरी कंपनीचे वय सिद्ध होते, ‘सर्वात जुने’ सिद्ध होत नाही. त्यासाठी दुसरे कुणी आधीचे नाही हे दाखवायला हवे, आणि कोकमाच्या बाबतीत ते जवळजवळ अशक्य आहे. आमसूल हा घराघरातला, परसातला उद्योग. तो कुणी नोंदवून ठेवला नाही. निदान स्पर्धकांची यादी तरी करा: मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ, सावंतवाडी, राजापूर, रत्नागिरी इथल्या जुन्या कोकमवाल्यांची नावे व्यापारी संघांकडून आणि वाशीच्या बाजारातल्या अडत्यांकडून काढा, आणि प्रत्येकाकडे सर्वात जुना कागद कोणता ते विचारा. रत्नागिरी जिल्ह्याच्या १९६२ च्या गॅझेटियरमधले उद्योग आणि व्यापाराचे भाग वाचा, आणि १८८० चा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंडही. त्यांत एखाद्या दुकानाचे नाव नसले तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. असले तर मात्र मोठा आधार मिळतो. जुन्या स्थानिक वृत्तपत्रांतल्या जाहिराती या कामाला सर्वात चांगल्या, कारण छापील अंकावर तारीख असते आणि ती नंतर बदलता येत नाही. रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात दोन दिवस बसायची तयारी ठेवा.

यादी करताना संस्थानाची हद्द विसरू नका. मालवण, वेंगुर्ले, देवगड हे ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते. सावंतवाडी, कुडाळ, बांदा हे १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात. ब्रिटिश हिंदुस्थानचे कंपनी आणि भागीदारीचे कायदे संस्थानात आपोआप लागू नव्हते. त्यामुळे कुडाळच्या एखाद्या जुन्या दुकानाची १९४० ची नोंद रत्नागिरीच्या कागदांत नाही म्हणून ते दुकान नव्हते असे ठरत नाही. आणि ‘कोकण’ म्हणजे कुठवर? महसुली कोकण विभागात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे आहेत. बोलण्यातले कोकण गोवा, कारवारपर्यंत जाते. दावा करणाऱ्याने हद्द सांगितली नसेल तर ती तुम्ही विचारून लिहून घ्या, नाहीतर दोन वेगळ्या नकाशांवर वाद चालू राहील.

‘सर्वात मोठे’ हे मी थोडक्यात उरकतो, कारण इथे सार्वजनिक नोंदी फार पुढे नेत नाहीत. कंपनी दरवर्षी ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक दाखल करते, ते त्याच १०० रुपयांत दिसते. त्यातला ‘कामकाजातून मिळालेला महसूल’ घ्या. अधिकृत भांडवल किंवा भरणा भांडवल घेऊ नका, त्यांचा धंद्याच्या आकाराशी संबंध नाही आणि ही चूक बातम्यांत वारंवार दिसते. महसूल मिळाला तरी त्यात आंब्याचा पल्प, काजू, विकत घेऊन पुढे विकलेला माल हे सगळे असणार. कोकमाचा वाटा किती ते लहान कंपन्यांच्या पत्रकात बहुधा वेगळे दिलेले नसते. मालकांना एकच प्रश्न विचारा: गेल्या हंगामात किती टन रातांबे घेतले? खरेदीची बिले दाखवता येतील का? हा आकडा इतर उत्पादकांशी ताडता येतो, कारण कोकमवाल्यांत त्याच मापाने बोलतात.

पण ताडायचे कुणाशी? एकट्याच्या नावावरचे धंदे आणि भागीदाऱ्या आपले हिशेब सार्वजनिक करत नाहीत. बचत गटांचे आकडे विखुरलेले आहेत. एक कच्ची चाळणी मात्र बाटलीवरच मिळते. एफएसएसएआय क्रमांकाचा पहिला अंक २ असेल तर ती लहान व्यावसायिकाची नुसती नोंदणी आहे. पहिला अंक १ असेल तर परवाना: महाराष्ट्राच्या परवान्याचे क्रमांक ११५ ने सुरू होतात, केंद्रीय परवान्याचे १०० ने, आणि केंद्रीय परवाना मोठ्या उत्पादकाला लागतो. मालवणच्या या बाटलीवर ११५ असेल आणि त्याच मालाच्या दुसऱ्या एखाद्या कोकणातल्या बाटलीवर १००, तर ‘सर्वात मोठे’ लिहिण्याआधी त्या दुसऱ्याकडे जाऊन या. यातही गफलत होऊ शकते, कारण काही जणांचा माल दुसऱ्याच्या कारखान्यात भरला जातो आणि लेबलवर दोन क्रमांक असतात. ‘निर्मिती’ आणि ‘विक्री’ हे शब्द कुणाच्या नावापुढे आहेत ते नीट वाचा.

छापायचे काय, हे आता सांगतो. सध्या हातात असलेल्या कागदांवर मी एवढेच लिहीन: ‘या घराचे मालवणात नोव्हेंबर १९३१ मध्ये किराणा दुकान होते आणि त्यात आमसुले विकली जात, हे त्यांच्या शके १८५३ च्या वहीवरून दिसते. आजची कंपनी १९९४ मध्ये नोंदली गेली.’ घटनापत्रात धंदा ताब्यात घेतल्याचे कलम मिळाले तर मध्ये पेढीचे वाक्य घाला. एफपीओची पावती मिळाली तर ‘बाटलीबंद सरबताचा सर्वात जुना उपलब्ध कागद अमुक सालचा’ असे लिहा. ‘उपलब्ध’ हा शब्द गाळू नका. ‘सर्वात जुने’ आणि ‘सर्वात मोठे’ हे दोन्ही शब्द मी लेखात घेणार नाही. ‘कंपनीच्या म्हणण्यानुसार’ असे जोडूनही नाही, कारण वाचकाच्या लक्षात विशेषण राहते, पुस्ती राहत नाही. मालकांना हेही समजावून सांगा की सिद्ध करता न येणारा दावा जाहिरातीत करणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली त्यांनाच अडचणीत आणू शकते. मधली साखळी जुळली आणि पुढच्या छपाईत ‘१९३१ पासून मालवणात’ एवढे केले, तर ते कागदासह कुणालाही दाखवता येईल.

त्यांच्या घरी जाल तेव्हा मोडी वाचणारे कुणीतरी सोबत न्या आणि त्या वहीचे पहिल्या पानापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत सरळ, उजेडात फोटो काढा. डावी कड आणि मे-जूनची पाने सुटू देऊ नका. वही लॅमिनेट करायचा विचार ते करत असतील तर कृपया थांबवा. प्लॅस्टिकच्या उष्णतेने कागद कायमचा चिकटतो आणि मग मागचे पान कुणालाच वाचता येत नाही. सुती कापडात गुंडाळून, कोरड्या पेटीत, जमिनीपासून उंच ठेवायला सांगा. माळ्यावर आणखी वह्या आहेत का तेही विचारा. ‘मागील वहीवरून’ ही ओळ सापडली तर मला त्या पानाचा फोटो पाठवा.